संख्यामालिकेत फरक काढायच्या आधी काय बघायचं

प्रश्न: मॅडम, बँक क्लार्कची तयारी करतोय, दिवसा महापेला जॉब आहे त्यामुळे प्रॅक्टिस बहुतेक ट्रेनमध्येच होते. नंबर सिरीजमध्ये फरक काढायचा हे माहितीये पण मॉकमध्ये ५ पैकी २च बरोबर येतात. फरक काढून काही दिसत नाही, मग गुणाकार बघतो, मग एकाआड एक बघतो, तोपर्यंत दोन मिनिटं गेलेली असतात. सोल्युशन बघितलं की वाटतं अरे हे तर सोपं होतं. कुठल्या मालिकेला कुठला नियम लागणार हे आधीच कसं ओळखायचं?

उत्तर:

ठाण्यात बॅच घेतेय त्याला आता १४ वर्षं झाली आणि दर बॅचला निम्म्या मुलांची गाडी बरोबर इथेच अडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फरक काढणं ही पहिली पायरी नाही, दुसरी आहे. पहिली पायरी म्हणजे पेन न उचलता मालिका किती वेगाने वाढतेय ते बघणं, आणि ते बघायचं शेवटच्या दोन आकड्यांवरून, पहिल्या दोनवरून नाही. सगळे पहिल्या दोन आकड्यांपासून सुरू करतात कारण वाचायची सवय तशी असते, पण मालिकेचा स्वभाव शेवटाकडे उघडा पडतो. का ते पुढे सांगते.

ही मालिका घे: ६, ११, २१, ३६, ५६, ? शेवटचे दोन ३६ आणि ५६. ५६ हा ३६ च्या दीडपटीच्या आसपास. त्याच्या आधी २१ चे ३६, म्हणजे पावणेदोनपटीच्या जवळ. त्याच्या आधी ११ चे २१, म्हणजे जवळपास दुप्पट. पट कमी कमी होत चाललीये, एकाकडे सरकतेय. पट अशी घसरत असेल तर गुणाकाराचा विचार डोक्यात आणायचाच नाही, मालिका बेरजेवर चाललीये. आता फरक काढ: ५, १०, १५, २०. पुढचा २५, उत्तर ८१. वर्गाच्या मालिका, घनाच्या मालिका, वर्ग अधिक एक वगैरे सगळ्या याच घरातल्या, त्यांच्यातही पट घसरत जाते. वर्गांचे फरक ३, ५, ७, ९ असे विषम संख्यांचे येतात, त्यामुळे फरकाच्या ओळीत सलग विषम संख्या दिसल्या की वर्ग ओळखायचा, एवढं पुरे.

पट म्हटल्यावर दशांशात भागाकार करत बसायचं नाही हं. दीडपट, दुप्पट, दुपटीला थोडं जास्त, तिप्पट, एवढाच अंदाज. भाजीवाल्याकडे पाव किलोचा भाव ऐकून किलोचा भाव जसा मनात येतो तेवढंच, त्याच्यापेक्षा जास्त नेमकेपणा लागत नाही.

आता दुसरी मालिका, ही जरा नीट बघू कारण तुझे मार्क बहुधा अशाच ठिकाणी जात असणार: ७, १५, ३२, ६७, १३८, ?

शेवटचे दोन ६७ आणि १३८. ६७ ची दुप्पट १३४, म्हणजे दुपटीला थोडं जास्त. आधीचे ३२ आणि ६७, ३२ ची दुप्पट ६४, परत दुपटीला थोडं जास्त. इथे पट घसरत एकाकडे जात नाहीये, दोनच्या जवळ टिकून आहे. म्हणजे मालिकेच्या पोटात ‘गुणिले २’ आहे आणि त्यावर थोडं काहीतरी मिळवलंय. मग दुपटीवर किती उरतं तेवढं लिहायचं, तेही शेवटून: १३८ वजा १३४, उरले ४. ६७ वजा ६४, उरले ३. ३२ वजा ३०, उरले २. १५ वजा १४, उरला १. झालं, १, २, ३, ४ आणि पुढे ५. १३८ ची दुप्पट २७६, अधिक ५, उत्तर २८१.

हीच मालिका फरकाने सोडवली तर? फरक येतात ८, १७, ३५, ७१. ही ओळ बघून बहुतेक मुलं म्हणतात यात काही नाही आणि सोडून देतात. पण ह्या ओळीलाच एक नवी मालिका समजून परत पहिली पायरी कर: ३५ ची दुप्पट ७०, ७१ म्हणजे एक जास्त. १७ ची दुप्पट ३४, ३५ म्हणजे एक जास्त. ८ ची दुप्पट १६, १७ म्हणजे एक जास्त. पुढचा फरक १४३, आणि १३८ अधिक १४३ परत २८१च. हा योगायोग नाही. मूळ मालिकेत दर वेळी दुप्पट करून १, २, ३, ४ मिळवलेत, त्यामुळे फरकही दर वेळी दुप्पट होतात आणि मिळवलेली संख्या एकाने वाढते म्हणून त्यात एक पडतो. म्हणजे ‘फरक काढून काहीच दिसत नाही’ असं तू म्हणतोस तेव्हा बऱ्याचदा दिसत असतं, फक्त फरकाच्या ओळीत तू आणखी एक फरक शोधत असतोस आणि तिथे गुणाकार बसलेला असतो. फरकाच्या ओळीलाही तोच प्रश्न विचारायचा जो मूळ मालिकेला विचारला, वेग किती?

इथे एक गोष्ट सांगते. मागच्या बॅचमधल्या एका मुलीचं रफ पान बघत होते, हीच मालिका होती. तिने फरक लिहिले होते ८, १७, ३५, ६१. १३८ मधून ६७ गेले आणि घाईत ७१ ऐवजी ६१ पडले. त्याच्याखाली फरकाचे फरक ९, १८, २६, आणि त्याच्याखाली तिसरी ओळ ९, ८, आणि मग सगळ्यावर काट. तिला वाटत होतं आपल्याला नियम ओळखता येत नाहीत, आणि ९, १८ पर्यंत तर ती बरोबर पोचली होती, पुढे ३६ यायला हवे होते. नियम तिच्या हातात आलेला होता, वजाबाकीने घात केला. मी नंतर तिची सहा-सात पानं चाळली तर चुकलेल्या मालिकांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी हेच, हातचा घेताना दहाचा घोळ.

यावर एक तपासणी आहे आणि ती मी सगळ्यांना सक्तीने करायला लावते. सगळ्या फरकांची बेरीज ही शेवटचं पद वजा पहिलं पद एवढीच यायला पाहिजे. इथे १३८ वजा ७ म्हणजे १३१. आणि ८ अधिक १७ अधिक ३५ अधिक ७१, बरोबर १३१. तिची बेरीज आली असती १२१, लगेच कळलं असतं की कुठेतरी दहाची गडबड आहे. चार सेकंद लागतात. फरकाची पहिली ओळ लिहून झाल्यावर पुढे ‘काही दिसत नाही’ असं वाटलं की दुसरा नियम शोधायच्या आधी ही बेरीज करायची, कारण चुकीच्या फरकांत नियम शोधणं म्हणजे नसलेली वस्तू कपाटात शोधणं.

आता तिसरा स्वभाव, जिथे पट टिकतही नाही आणि घसरतही नाही, वाढत जाते. उदाहरण: ४, ५, १२, ३९, १६०, ? पहिल्या दोन पदांवरून सुरू केलंस तर ४ चे ५, अरे एक मिळवला, मग ५ चे १२, सात मिळवले, मग १२ चे ३९, सत्तावीस मिळवले. १, ७, २७ बघून कोणीतरी घन शोधायला लागतं आणि गाडी रुळावरून गेली. शेवटून बघ. १६० मध्ये ३९ किती वेळा बसतात? ४ वेळा, १५६, बाकी ४. ३९ मध्ये १२ तीन वेळा, बाकी ३. १२ मध्ये ५ दोन वेळा, बाकी २. ५ मध्ये ४ एकदा, बाकी १. म्हणजे गुणिले १ अधिक १, गुणिले २ अधिक २, असं चाललंय, पुढे १६० गुणिले ५ अधिक ५, उत्तर ८०५.

आता कळेल मी शेवटून का म्हणतेय. गुणाकारावर जे वरून मिळवलेलं असतं ते १, २, ३, ४ असं लहान असतं. सुरुवातीला पदंच लहान असतात, ४ आणि ५, त्यामुळे मिळवलेला एक खूप मोठा वाटतो आणि खरा गुणक त्याखाली लपतो. शेवटी पद १६० असतं, त्यात मिळवलेले ४ म्हणजे काहीच नाही, त्यामुळे गुणक ४ लख्ख दिसतो. आणि ‘किती वेळा बसतात आणि बाकी किती’ हा शाळेतला भागाकार इथे सगळ्यात जास्त कामाचा आहे, कारण तो गुणक आणि बेरीज दोन्ही एकदम देतो. कधी बाकी फार मोठी येते, म्हणजे ज्याने भागतोय त्याच्या अगदी जवळ, तेव्हा एक वेळ जास्त बसवून वजा बघायचं. समजा ४० वरून ११८ झाले, तर २ वेळा बसून बाकी ३८ उरते, त्यापेक्षा ३ वेळा १२० आणि वजा २ हे सरळ आहे.

याच घरातली, पट अर्ध्या-अर्ध्याने वाढत जाणारी मालिकाही असते: १६, ८, ८, १२, २४, ६०, ? हिचा चेहरा पाठच करून ठेव, आधी पडते, मग तेच पद पुन्हा येतं, मग चढायला लागते आणि शेवटी धावते. अर्धा पट, एक पट, दीडपट, दोनपट, अडीचपट, पुढे तीनपट म्हणजे १८०. लागोपाठ दोन पदं सारखी दिसली की मी आधी हाच संशय घेते, कारण ‘एक पट’ तिथे बसलेला असतो.

आता एकाआड एक, ज्यात तुझा सगळ्यात जास्त वेळ जात असेल असं वाटतं. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलं दोन्हींना एकच नाव देतात. एका प्रकारात मालिका एकच असते पण नियम आळीपाळीने दोन असतात, म्हणजे ३, ६, ९, १८, २१, ४२, ? यात दुप्पट कर, ३ मिळव, दुप्पट कर, ३ मिळव, उत्तर ४५. प्रत्येक पद शेजारच्या पदातूनच जन्माला आलंय. ओळखायची खूण म्हणजे फरकाच्या ओळीत एक लहान आकडा एकाआड एक परत परत येतो, इथे ३, ३, ९, ३, २१. तो ३ सारखा डोकावतोय ना, तोच सांगतो.

दुसऱ्या प्रकारात दोन स्वतंत्र मालिका एकमेकींत विणलेल्या असतात आणि शेजारच्या पदांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. तू रोज ट्रान्सहार्बर लोकलसाठी ठाण्याला उभा असतोस, तिथे इंडिकेटरवर एक गाडी वाशीची आणि एक पनवेलची लागते. वाशीच्या गाडीच्या वेळेवरून पनवेलची वेळ काढायला गेलास तर काय हाती लागणार? वाशीच्या वाशीच्या वेगळ्या वाच, पनवेलच्या वेगळ्या. तसंच इथे. सोप्या प्रश्नात हे लगेच दिसतं, जसं ३, ५०, ६, ४५, १२, ४०, २४, ? एकदा लहान एकदा मोठा, आकडे वरखाली उड्या मारतायत, उत्तर ३५. पण परीक्षेत काढणारा माणूस एवढं सोपं देत नाही, तो दोन्ही मालिका चढत्या घेतो आणि जवळजवळच्या घेतो म्हणजे वरवर ती एकच चढती मालिका वाटावी.

बघ ही: ५, ८, ९, १३, १५, २०, २३, ? उड्या कुठेच नाहीत, सगळं चढतंय. शेवटी पट एकाच्या जवळ आहे म्हणून बेरजेचं घर, फरक काढले: ३, १, ४, २, ५, ३. आता फरकाच्या ओळीत उड्या आहेत! मोठा, लहान, मोठा, लहान. मूळ मालिका शांतपणे चढत असताना फरक वरखाली होत असतील आणि मघासारखा तोच लहान आकडा एकाआड एक येत नसेल तर विणकाम आहे हे जवळपास नक्की. एकाआड एक वेगळं कर: ५, ९, १५, २३ हिचे फरक ४, ६, ८. आणि ८, १३, २० हिचे फरक ५, ७, म्हणून पुढे ९ आणि उत्तर २९. फरकाच्या ओळीतूनच सरळ गेलास तरी चालतं, ३, ४, ५ आणि १, २, ३ असे दोन धागे दिसतात, आता ३, ४, ५ वाल्याची पाळी, पुढचा ६, आणि २३ अधिक ६ परत २९. म्हणजे एकाआड एक शोधायला वेगळी मोहीम काढायची गरज नाही, फरकाची ओळ लिहिलेलीच असते, ती सरळ चढतेय का उड्या मारतेय एवढंच बघायचं. तू तीन वेगवेगळे प्रयत्न एकामागून एक करतोस म्हणून दोन मिनिटं जातात, खरं तर एकाच ओळीत तिन्हींची खूण असते.

फक्त इथे एक सावधगिरी. एकाआड एकचा नियम लावायला पदं पुरेशी पाहिजेत. मालिकेत सहाच पदं दिली असतील तर प्रत्येक धाग्याला तीनच येतात, म्हणजे दोनच फरक, आणि दोन फरकांतून काहीही ‘नियम’ काढता येतो, मन तयार असतं फसायला. म्हणून मी मुलांना सांगते की निदान एका धाग्यात चार पदं हवीत, किंवा दोन्ही धाग्यांचा नियम एकाच जातीचा निघायला हवा, जसा वर दोन्हींचे फरक दोन-दोनने वाढले. एका धाग्यात घन आणि दुसऱ्यात मूळ संख्या असं काही निघालं तर ते बहुतेक वेळा तुझ्या डोक्यातून आलेलं असतं, पेपरमधून नाही.

हेच जरा पुढे नेऊन सांगते कारण पर्याय कसे वापरायचे ते याच्यावर अवलंबून आहे. २, ४, ८, ? याचं उत्तर काय? सगळे म्हणतात १६. पण फरक २, ४ धरले आणि पुढे ६ घेतले तर १४ सुद्धा तितकंच बरोबर. गणिताच्या नजरेने दिलेल्या पदांत बसणारे नियम कितीही काढता येतात, परीक्षेत विचारतात तो सगळ्यात साधा नियम. याचं एक खरंखुरं उदाहरण आहे, वर्तुळावर ठिपके घेऊन प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याला सरळ रेषेने जोडायचा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते मोजायचं. एका ठिपक्याला १, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाव्याला ३२ होतील असं कोणीही म्हणेल, होतात ३१. कागदावर काढून बघ एखाद्या रविवारी, तीन रेषा एकाच बिंदूत येऊ द्यायच्या नाहीत एवढंच, नाहीतर तुकडे कमी भरतील. म्हणून माझा नियम असा की नियम सापडला असं वाटल्यावर त्याने निदान अशी दोन पदं बरोबर सांगितली पाहिजेत जी बघून तो नियम काढलेला नव्हता. वरच्या ७, १५, ३२ मध्ये शेवटच्या दोन उड्यांवरून ‘दुप्पट अधिक ४, दुप्पट अधिक ३’ कळलं, मग त्याच्या मागच्या दोन उड्यांनी २ आणि १ देऊन साक्ष दिली. अशी साक्ष नसेल तर पर्यायांत ते उत्तर आहे म्हणून टिक करायची नाही, कारण पर्याय देणाऱ्याला १६ आणि १४ दोन्ही माहीत असतात.

आता ‘चुकीचे पद ओळखा’ हा प्रकार, कारण मेन्समध्ये आणि कधी कधी प्रीलिम्सलाही येतो आणि त्यात फरकाची ओळ फार सुंदर काम करते. १२, १७, २५, ३६, ५१, ६७, ८७. फरक: ५, ८, ११, १५, १६, २०. सुरुवातीला तीन-तीनने वाढतायत, ५, ८, ११, म्हणजे पुढे १४, १७, २० हवे होते. २० तर आहेच. मध्ये १४ च्या जागी १५ आणि १७ च्या जागी १६. एक फरक एकाने जास्त, लगेच पुढचा एकाने कमी. हीच ओळखीची खूण, एक पद चुकलं की त्याच्या दोन्ही बाजूचे फरक बिघडतात, एक जेवढ्याने फुगतो तेवढ्यानेच दुसरा दबतो, आणि दोघांची बेरीज मात्र बरोबरच राहते, १५ आणि १६ चे ३१, १४ आणि १७ चे पण ३१. त्या दोन फरकांच्या मधलं पद म्हणजे ५१ चुकीचं, तिथे ५० हवं. दोन बिघडलेले फरक शेजारी नसतील किंवा त्यांची बेरीज जुळत नसेल तर समजायचं की नियमच चुकीचा धरलाय, पदाला दोष देऊ नये.

यात एकच अवघड जागा आहे, पहिलं पद चुकीचं असेल तेव्हा. पहिल्या पदाला एकच बाजू असते, त्यामुळे एकच फरक बिघडतो आणि मुलं म्हणतात दुसरं पद चुकलं असेल. म्हणून इथेही शेवटून मागे यायचं. मागून येताना नियम पाच-सहा पदं धरून राहिला आणि अगदी पहिल्या पदाशी येऊन तुटला तर पहिलंच चुकीचं. आणि गुणाकाराच्या मालिकेत चुकीचं पद शोधताना एक लक्षात ठेव, चुकीच्या पदावरून पुढचं पद काढायचं नाही. ४, ५, १२, ३८, १६० दिली असती तर ३८ ला ४ ने गुणून ४ मिळवून १५६ येतं आणि मुलगा १६० वर खूण करून मोकळा होतो. १२ पासून नीट ३९ काढायचं, मग ३९ वरून १६० येतं का ते बघायचं. येत असेल तर १६० निर्दोष आहे.

अक्षरांच्या मालिकेबद्दल वेगळं लिहीत नाही, इंग्रजी अक्षरांना १ ते २६ नंबर दिले की तीच कहाणी. सी, एफ, जे, ओ म्हणजे ३, ६, १०, १५, पुढे २१ म्हणजे यू. ए ते झेड नंबर दोन्ही दिशांनी पाठ पाहिजेत एवढंच.

वेळेचं बोलू. आयबीपीएस क्लार्कच्या प्रीलिम्सला गणिताच्या भागात ३५ प्रश्न आणि २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ३४ सेकंद, आणि चुकीला पाव मार्क कापतात. तू एका मालिकेला दोन मिनिटं देतोस म्हणजे साडेतीन प्रश्नांचा वेळ देतोस. पाच-सात सेकंद पट बघायला, १५ सेकंद फरकाची ओळ आणि बेरजेची तपासणी, १५ सेकंद त्या ओळीला तोच प्रश्न परत विचारायला. एवढ्यात नियम नाही सापडला तर पुढे जायचं. माझा अनुभव असा की जी मालिका ४० सेकंदांत खुलत नाही ती पुढच्या ८० सेकंदांतही क्वचितच खुलते, पण दहा प्रश्न सोडवून परत आलं की पहिल्याच नजरेत दिसते, कारण पहिल्या वेळी धरलेला चुकीचा नियम तोपर्यंत डोक्यातून गेलेला असतो. पोलीस भरतीवाल्यांना १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात आणि निगेटिव्ह नसतं, त्यांना हा हिशोब थोडा सैल चालतो, तुला नाही.

ट्रेनमधल्या प्रॅक्टिसचं म्हणशील तर उभ्याने पेन-वही जमत नाही हे मला माहितीये, मी स्वतः घणसोलीहून ठाण्याला येते. त्याचा फायदा करून घे. ट्रेनमध्ये मालिका सोडवूच नको. मोबाईलवर एका पानावर १५ मालिका उघड आणि प्रत्येकीला फक्त घर सांग, पट घसरतेय, टिकतेय, वाढतेय की उड्या मारतेय. उत्तर काढायचं नाही, पुढची घ्यायची. ठाणे ते घणसोली १५-२० मिनिटांत दोन पानं आरामात होतात. घरी पोचल्यावर त्याच मालिका वहीत पूर्ण सोडव आणि ट्रेनमध्ये सांगितलेलं घर बरोबर होतं का ते शेजारी लिही. दहा-बारा दिवसांत कळेल की तुझी चूक घर ओळखण्यात होतेय का वजाबाकीत, आणि ह्या दोन्हींवरचं औषध वेगळं आहे. वजाबाकीत होत असेल तर नवीन नियम शिकून काही उपयोग नाही, रोज ५० तीन अंकी वजाबाक्या घड्याळ लावून करायच्या.

या आठवड्यात या तीन कर: ५, ८, १३, २२, ३९, ७२, ? आणि ६, ७, १६, ५१, २०८, ? आणि ४, ७, ६, १०, ९, १४, १३, ? पहिलीत पट वाढतेय असं वाटेल पण ती कुठल्या आकड्याकडे सरकत चाललीये आणि त्याच्या पुढे जाते का ते बघ. उत्तरं मला नको पाठवूस, रफ कामाच्या पानाचा फोटो पाठव, काट मारलेल्या ओळींसकट.